बांधावरील बिळांचा पंचनामा

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. सरफोजी महाराजांनी 1802 साली मुक्तांबेच्या स्मरणार्थ जेथे रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी भव्य छत्र बांधविले आणि ज्याला त्यामुळे मुक्तांबाळपुरम् असे नावही मिळाले, तेच हे गाव. मराठी माणसाला त्याची ओळख व्हायची ती बहुधा या छत्राच्या निमित्ताने. परंतु छत्राच्या आवाराबाहेर पाऊल टाकले की नजर जाईल तेथवर भाताची खाचरे आणि नारळीच्या बागा लागतात, आणि या खाचरांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे जे मातीचे बांध, ज्यांना तेथील लोक ‘वरप्पु’ म्हणतात, तेच आजच्या प्रकरणाचे खरे स्थळ आहे. हा मुलूख कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला आहे. मेट्टूरचे धरण 1934 साली पुरे झाले आणि कल्लणैपासून काढलेला नवा मोठा कालवा या बाजूने वाहू लागला, तेव्हा येथील बऱ्याच जमिनीला कालव्याचे हुकमी पाणी मिळाले. पाण्यामागोमाग भात आले आणि भातामागोमाग बांध. बांध म्हणजे पाण्याने वेढलेली कोरडी, उंच, भुसभुशीत जागा, आणि ज्या प्राण्यांना अन्न खाचरात पण निवारा कोरड्यात हवा असतो त्यांना यापरती सोयीची वस्ती नाही.

ओरत्तनाडुत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका तंजावरी मराठी घराशी आमचे नाते आहे, आणि त्या घरातील शेती पाहणारा भाचा गेल्या पोंगलनंतरच्या आठवड्यात मजकडे तीन बिळांची छायाचित्रे पाठवून विचारता झाला, की मामा, ही तीन बिळे एकाच जनावराची की तिघांची, आणि माणूस लावून खणायचे ते कोणते? प्रश्न साधा दिसतो. परंतु छायाचित्रावरून बीळ ओळखण्याचे काम ज्याने केले आहे त्याला ठाऊक असते, की मातीतले भोक ही फार मुकी वस्तू आहे. भोक कोणी खणले, त्यात आज कोण राहते आणि तुम्ही पाहता ते तोंड आत जाण्याचे की बाहेर पळण्याचे, हे तीन निरनिराळे प्रश्न असून पाहणारा बहुधा तिन्हींचे एकच उत्तर देऊन मोकळा होतो. सापाचे बीळ म्हणून जे लोक दाखवितात ते जवळजवळ नेहमीच उंदराचे असते, कारण आपल्याकडचे नाग, धामण आणि घोणस हे बिळात राहतात खरे, पण ते खणलेले असते दुसऱ्याने. म्हणून भोकाकडे पाहण्यापूर्वी भोकाबाहेर टाकलेल्या मातीकडे पाहावे, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. जो खणतो त्याला माती कोठे तरी टाकावी लागते, आणि ती तो पंज्यांनी मागे फेकतो की नांग्यांत धरून बाहेर आणून ठेवतो, कोरडी असताना फेकतो की ओली असताना, यावरून त्याची जबानी आपोआप लिहिली जाते.

तथापि माती वाचण्याआधी छायाचित्र वाचावे लागते, आणि येथे दोन फसव्या गोष्टी आहेत. पहिली आकाराची. भोकाशेजारी ओळखीची वस्तू नसेल तर चिमणी शिरेल एवढे भोक आणि कोल्हा शिरेल एवढे भोक पडद्यावर सारखेच दिसते. भाच्याला मी एकदा सांगून ठेविले होते त्याप्रमाणे त्याने प्रत्येक तोंडाशी दहा रुपयांचे नाणे ठेविले होते. हे नाणे 27 मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे पडद्यावर नाणे आणि भोक दोन्ही पट्टीने मोजून त्रैराशिक मांडले की खरे माप निघते. परंतु नाण्याचा याहून मोठा उपयोग दुसराच आहे. वाटोळे भोक तिरक्या बाजूने टिपले तर ते लंबवर्तुळाकार दिसते, आणि बिळांच्या बाबतीत तोंड वाटोळे आहे की आडवे चपटे आहे यावर पुष्कळदा निकाल अवलंबून असतो. नाणे जर भोकाच्या तोंडाच्याच पातळीत, म्हणजे बांधाच्या उतारावर भोक असेल तर त्याच उतारावर चिकटवून ठेविले असेल, तर नाणे जितके चपटे दिसेल तितकेच वाटोळे भोकही चपटे दिसले पाहिजे. नाणे वाटोळे दिसत असून भोक चपटे दिसत असेल तर मात्र तो चपटेपणा खरा आहे. नाणे सपाट जमिनीवर आणि भोक उतारावर असेल तर या साक्षीला काही अर्थ उरत नाही.

दुसरी फसवी गोष्ट प्रकाशाची. मनुष्याची दृष्टी प्रकाश वरून येतो असे गृहीत धरून चालते. त्यामुळे छायाचित्रात सूर्य खालच्या कडेला असेल, म्हणजे टिपणाऱ्याच्या पाठीमागून ऊन येत असेल, तर खळगा हा ढिगारा भासतो आणि ढिगारा खळगा भासतो. शंका आली की चित्र उलटे फिरवून पाहावे. मातीचा ढीग ढिगासारखा दिसू लागला की सावलीची दिशा ठरली. दुपारच्या उन्हात घेतलेली चित्रे त्या मानाने निरुपयोगी असतात, कारण त्यांत ठसे, ओरखडे आणि मातीचे कण यांच्या सावल्याच पडत नाहीत. सकाळी आठाच्या आत, तिरप्या उन्हात, एक चित्र वरून, एक जमिनीशी डोळा नेऊन आणि एक तीन-चार पावले मागे सरून आजूबाजूचे पीक, पाणी आणि बांधाची रुंदी दिसेल असे, इतके मिळाले तर पुष्कळ निकाल घरबसल्या लागतात. हे सर्व करताना भोकात हात किंवा मोबाइल धरलेली बोटे घालू नयेत हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. घोणस बसते ती याच भोकांत.

आता भाच्याचे पहिले चित्र. बांधाच्या माथ्यापासून थोडे खाली, खाचराच्या बाजूला, ताज्या मातीचा पसरट ढीग आहे, आणि भोक कोठेच दिसत नाही. अनोळखी माणूस अशा चित्राला मोजत नाही. त्याला भोक हवे असते. परंतु त्रिभुज प्रदेशातल्या शेतमजुराला असा ढीग दाखविला की तो एका शब्दात ‘एलि’ म्हणजे उंदीर म्हणून मोकळा होतो, आणि तो बरोबर असतो. या ढिगाची माती रव्याळ, सुटी, कोरडी आणि आसपासच्या बांधाच्या पृष्ठभागाहून रंगाने गडद आहे, कारण ती खालून आलेली आहे. ती एका बाजूला पंख्यासारखी पसरली आहे, म्हणजे कोणी तरी तोंडाशी पाठ करून मागच्या पायांनी ती झटकली आहे. आणि तोंड दिसत नाही याचे कारण असे, की राहणाऱ्याने आत गेल्यावर त्याच मातीचे बूच आतून लावून घेतले आहे. शेतातल्या बिळाचे दार असे मातीने बंद करून राहण्याची सवय ज्या एका प्राण्यात ठळक आढळते, तो म्हणजे घुशीचा धाकटा भाऊबंद, शास्त्रीय नावाने बँडिकोटा बेंगालेन्सिस. गोठ्याशेजारी आणि गटारांत राहणारी थोरली घूस वेगळी. धाकटीचे तोंड आखूड व बोथट, अंग आखूड, शेपटी अंगाहून आखूड, आणि चिडली असता फिसकारण्याची खोड. भारतातल्या भाताच्या आणि उसाच्या नुकसानीत हिचा वाटा इतर कोणत्याही उंदरापेक्षा मोठा मानला जातो.

भाच्याने ढिगावरची माती काठीने हलकेच बाजूस सारून घेतलेले आणखी एक चित्र त्यासोबतच होते, हे बरे झाले. त्यात तोंड उघडे दिसते. पडद्यावर नाणे 12 मिलिमीटर रुंद आणि भोकाचा घसा 31 मिलिमीटर, म्हणजे त्रैराशिकाने खरे माप सुमारे 70 मिलिमीटर, सात सेंटीमीटर. येथे घसा मोजावा, ओठ मोजू नये, कारण तोंडाशी माती ढासळून बीळ आहे त्याच्या दीडपट दिसते. सात सेंटीमीटर हे धाकट्या घुशीला शोभणारे माप आहे. खाचरात तिच्याखेरीज आणखी दोन उंदीर नेहमीचे असतात. मऊ केसांचा शेत-उंदीर हा अंगाने लहान असून त्याचे बीळ साधे, आखूड, फार माती न टाकलेले आणि बहुधा उघड्या तोंडाचे असते. कित्येकदा तो जमीन उकलून पडलेल्या भेगांतच राहतो. पिटुकला शेत-उंदीर तर एवढासा, की त्याच्या भोकात अंगठा जेमतेम जाईल. त्याच्या जातभाईंपैकी काटेरी केसांचा तपकिरी उंदीर कोरड्या, मुरमाड जमिनीत राहतो, आणि तो आपल्या तोंडाशी बारीक खडे वेचून रचून ठेवतो. दख्खनच्या माळावर ज्याने अशी खड्यांची रास पाहिली असेल त्याला ती विसरता येत नाही. ओरत्तनाडुच्या चिखलाळ बांधांवर तिचा प्रश्नच येत नाही. नारळीच्या वाळूमिश्रित उंचवट्यावर मात्र लांब शेपटीच्या, शेवटी केसांचा झुबका असणाऱ्या जर्बिल उंदराची बिळे सापडतात. ती अनेक तोंडांची असून त्यांच्यामधून पायवाटा पडलेल्या दिसतात.

परंतु एका खुणेवर निकाल देऊ नये, म्हणून मी तीन पावले मागून घेतलेले चित्र पाहिले. खाचरातले सांबा भात पिकून पिवळे झाले होते. सांबा म्हणजे ऑगस्टच्या सुमारास धरून जानेवारीत कापले जाणारे मोठ्या मुदतीचे पीक. मेट्टूरचे दरवाजे रिवाजाप्रमाणे 12 जूनला उघडतात, त्या पाण्यावर आधी आखूड मुदतीचे कुरुवै होते. या मुलखात मोठा पाऊस आपल्याकडच्यासारखा आषाढात नसून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येतो. ही वहिवाट ठाऊक असल्याशिवाय येथील बिळे वाचता येत नाहीत, कारण बीळ हे ऋतूचे अपत्य आहे. डिसेंबरपर्यंत खाचर तुडुंब असते, तेव्हा खालच्या जमिनीतले सारे उंदीर बांधावर चढतात. भात निसवून दाणे भरू लागले की धाकट्या घुशीची वीण वाढते, कारण तिचे माजावर येणे पिकाच्या पिकण्याशी बांधलेले आहे. म्हणून जानेवारीतल्या बांधावर जो ढीग दिसतो त्यामागे बहुधा पिल्ले आणि साठा दोन्ही असतात. चित्रात ढिगापासून हातभर अंतरावर भाताची चार-पाच ताटे जमिनीपासून थोड्या उंचीवर तिरकी छाटलेली दिसत होती, आणि त्यांच्या लोंब्या जागेवर नव्हत्या. ताट तिरके तोडून लोंबी पळविणे ही उंदराची सही आहे. पक्षी दाणे टिपतो आणि ताट उभे ठेवतो. खोडकिडीने मेलेले ताट पांढरे पडून उभेच राहते व ओढले तर सहज उपटून येते.

दुसरे बीळ त्याच बांधाच्या दुसऱ्या अंगाला, पाण्याचा पाट वाहतो त्या बाजूस, पाण्याच्या रेषेच्या चार बोटे वर होते. येथे नाणे उतारावरच दाबून बसविले होते आणि ते चित्रात जवळजवळ पूर्ण वाटोळे दिसत होते. त्यामुळे भोकाची रुंदी आणि उंची सरळ वाचता आली. नाणे 10 मिलिमीटर, भोक रुंदीला 18 आणि उंचीला 11. हिशेब केला तर रुंदी पाच सेंटीमीटरांस किंचित कमी आणि उंची तीन. म्हणजे तोंड खरोखरच आडवे, चपटे आहे. कोणत्याही उंदराला असे तोंड लागत नाही. उंदराचे अंग नळीसारखे असते, बिळातही तो नळीच करतो. आडवे तोंड ज्याला लागते तो आडवाच चालणारा असला पाहिजे, आणि पाण्याच्या रेषेशी घर करणारा तसा प्राणी एकच, गोड्या पाण्यातला खेकडा. भाच्याने गड्याला हे चित्र दाखविले तेव्हा तो पुरते पाहण्यापूर्वीच ‘नंडु, अय्या, नंडु’ असे म्हणाला म्हणे, आणि त्याला नाणे लागले नाही. अशा माणसांच्या निदानाला मी पट्टीपेक्षा कमी लेखीत नाही, फक्त त्याची कारणे ते सांगत नाहीत आणि आपल्याला कारणे हवी असतात.

कारण पुन्हा मातीतच आहे. खेकडा माती झटकीत नाही. तो ओल्या चिखलाचा गोळा नांग्यांत व पायांत कवटाळून बाहेर आणतो आणि तोंडाशी ठेवतो, त्यामुळे त्याच्या दारात सुटी माती नसून बोराएवढे, एकमेकांस चिकटलेले, सुकल्यावर कडक होणारे गोळे सापडतात. कधी हे गोळे तोंडाभोवती रचले जाऊन बोटभर उंचीची चिमणीही तयार होते. जवळून पाहिल्यास काही गोळ्यांवर पायांच्या टोकांचे बारीक ओरखडे दिसतात. आतल्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत असतात, आणि बीळ तिरके खाली जाऊन जेथे पाणी लागेल तेथवर पोचते, कारण खेकड्याला कल्ले ओले ठेवावे लागतात. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली की तोही खोल उतरतो आणि तोंड चिखलाने लिंपून घेतो. धाकटी घूसही तोंड बंद करते हे वर आलेच आहे, पण दोन्ही बुचांत गल्लत होण्याचे कारण नाही. घुशीचे बूच सुट्या मातीचे, बोट लावले की ढासळणारे, तर खेकड्याचे बूच लिंपलेले, सपाट, वाळून तडकलेले.

खेकड्याच्या नुकसानीचाही ऋतू ठरलेला आहे. लावणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो कोवळी रोपे बुडाशी तोडतो आणि तुकडे बिळाकडे ओढून नेतो. रोप जून झाले की त्याला ते कठीण जाते. म्हणून जानेवारीत, पिकल्या भातात, तोडलेल्या लोंब्यांचा आरोप खेकड्यावर ठेवता येत नाही, त्याचे बीळ कितीही जवळ असो. त्याच्याविरुद्धचा खरा गुन्हा निराळा आहे. पाटाच्या बाजूला शिरून तो खाचराच्या बाजूला निघाला तर बांधाच्या पोटातून पाणी झिरपू लागते, झिरपा वाढला की मातीचे कण वाहून जातात, आणि भोक आतल्या आत रुंदावत जाऊन एके सकाळी बांधच बसतो. कालव्याच्या मोठ्या भरावांना हाच धोका अधिक मोठ्या प्रमाणावर असतो. तंजावर प्रांतात पाट आणि बांध यांची दुरुस्ती गावकऱ्यांनी मिळून करण्याची जी जुनी रीत, कुडिमरामत, तिला 1858 च्या मद्रास कायद्याने सक्तीचे स्वरूप दिले गेले. त्या मरामतीत पाण्याची वेळ येण्यापूर्वी भरावावरची भोके शोधून बुजविणे हे काम ओघानेच येते.

कालव्याच्या भरावाची चित्रे पाहताना मात्र एक सावधगिरी घ्यावी. उभ्या कडेत, वरच्या अंगाला, एकसारखी वाटोळी भोके ओळीने दिसली तर ती उंदराचीही नव्हेत आणि खेकड्याचीही नव्हेत. वेडे राघू अशा कडेत वसाहत करून राहतात. त्यांची भोके नाण्याच्या दुपटीएवढी असून बोगदा सरळ आडवा आत जातो. खंड्याचे भोक त्याहून मोठे, बहुधा एकटे, आणि त्याच्या तळाशी पायांच्या येण्याजाण्याने पडलेल्या दोन समांतर खोबणी दिसतात. मातीचा ढीग कडेच्या पायथ्याशी पडतो आणि पावसाने धुऊन जातो, पण दारातली पांढरी शिट आणि चतुरांचे पंख राहतात. या पाखरांच्या भोकांनी भराव फुटत नाही, कारण ती पाण्याच्या रेषेच्या वर असतात आणि आरपार जात नाहीत. ती बुजविण्यात आजवर किती पिल्ले गाडली गेली असतील ते सांगवत नाही.

तिसरे चित्र भाच्याला सर्वांत महत्त्वाचे वाटत होते. बांधाच्या माथ्यावर, गवतात, साडेसहा सेंटीमीटरांचे स्वच्छ वाटोळे भोक, काठ गुळगुळीत, आणि बाहेर मातीचा कणही नाही. घरातल्या वडील मंडळींनी ते सापाचे ठरवून त्या वाटेने जाणे बंद केले होते. माती नाही म्हणजे खणणारा नाही, असा तर्क येथे कोणीही करील, आणि नेमका तोच तर्क येथे चालत नाही. धाकटी घूस आपल्या बिळाला मुख्य तोंडाखेरीज पळवाटा ठेवते, आणि त्या ती आतून बाहेर खणते. बाहेरून आत खणताना माती बाहेर येते. आतून बाहेर खणताना ती आतच मागे सरकविली जाते. अशा वाटेवर शेवटचा मातीचा पातळ पापुद्रा ती पुष्कळदा तसाच ठेवते आणि संकटात डोक्याने फोडून निघते. म्हणून माती नसलेले भोक दिसले की आजूबाजूस दोन-चार हातांत मातीचा ढीग आहे का, हे आधी पाहावे. या चित्रातील भोक पहिल्या ढिगापासून सुमारे दीड मीटरवर होते आणि माप जवळजवळ तेच. म्हणजे पहिले आणि तिसरे मिळून एकच घर असण्याचा संभव पुष्कळ, आणि साप त्यात असेलच तर तो पाहुणा. भोकाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे असते तर आत-बाहेर करणारे कोणी नाही असे म्हणता आले असते, पण जाळे नव्हते. कात नव्हती. काठाचा गुळगुळीतपणा ही सापाची खूण म्हणून सांगतात, पण घुशीच्या केसाळ अंगानेही काठ तितकाच घोटला जातो.

संभवावर खणावयास माणूस लावता येत नाही, म्हणून मी भाच्याला शेतकी खात्याची जुनी चाचणी करावयास सांगितले. संध्याकाळी तिन्ही तोंडे ओल्या चिखलाने बंद करावयाची, वर बोटाने एक रेघ ओढून ठेवावयाची, आणि दुसऱ्या सकाळी कोणते उघडले ते पाहावयाचे. उंदरांच्या बंदोबस्तात जिवंत बिळे मोजण्याची हीच पद्धत आहे. एकरात भोके पन्नास असली तरी राहती दहाच असतात, आणि सगळी भोके धरून हिशेब मांडणारा शेतकरी औषधही वाया घालवितो आणि धास्तीही उगाच घेतो. दुसऱ्या सकाळी पहिल्याचे तोंड उघडून पुन्हा रव्याळ मातीच्या नव्या ढिगाने झाकलेले होते. दुसऱ्याचा चिखल गोळ्यागोळ्यांनी बाहेर काढून शेजारी ठेविलेला होता. तिसऱ्यावरची रेघ जशीच्या तशी होती. यावरून तिसरे ओसाड आहे असे मात्र ठरत नाही. पळवाट रोज वापरली जातच नाही. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी पहिले तोंड चिखल आणि दगड ठोकून पक्के बंद केले आणि तिसऱ्यावर पूर्वीप्रमाणेच पातळ लेप दिला. पुढच्या सकाळी तिसरे उघडे, आणि या खेपेस बाहेर थोडी माती. घर एकच होते.

कापणी झाल्यावर त्या बांधाचा तेवढा भाग खणला. त्रिभुज प्रदेशात कापणीनंतर बिळे खणून उंदीर धरणे आणि त्यांनी साठविलेले भात काढून घेणे हा गरीब कुटुंबांचा पिढ्यांचा व्यवसाय आहे. उभ्या पिकात मात्र ते बांबूच्या धनुष्याचा सापळा, तंजावरी किट्टी, बिळाच्या वाटेवर लावतात, कारण तेव्हा बांध खणला तर पाणी जाते. पहिल्या तोंडातून गेलेला बोगदा बांधाच्या लांबीला समांतर वळत वळत तिसऱ्याखाली निघाला. मध्ये वाळल्या गवताचा गोळा असलेली घरट्याची पोकळी होती, आणि बाजूला मूठभर रुंदीच्या दोन कोठारांत लोंब्या एकाच दिशेला देठ करून भरलेल्या होत्या. साप नव्हता. ज्या बांधात हे सारे मावले तो दीड हात रुंद होता. हातभराहून कमी रुंदीचा आणि तेवढ्याच उंचीचा बांध ठेविला तर धाकट्या घुशीला घरटे आणि कोठार दोन्ही करण्यापुरती जागा मिळत नाही, ही गोष्ट भाताच्या शेतीवर काम करणाऱ्यांनी पुष्कळ ठिकाणी पाहिलेली आहे. त्यामुळे त्या घराने या वर्षी नांगरटीच्या वेळी बांध दोन्ही बाजूंनी तासून बारीक केले.

उरले खेकड्याचे बीळ. त्याच्या तोंडात चिखल कोंबून काम झाले असे समजणे हा या भागातला नेहमीचा प्रकार असून त्याचा परिणाम इतकाच होतो, की खेकडा एका रात्रीत तो चिखल बाहेर आणून ठेवतो, किंवा बाजूने नवे तोंड काढतो आणि बांधात एकाऐवजी दोन वाटा होतात. भाच्याच्या गड्याने पाटाचे पाणी एक दिवस तोडले, तोंडापासून सुरुवात करून तिरक्या बोगद्याच्या मागोमाग खणत तो ओल्या तळापर्यंत गेला, खेकडा काढला, आणि मग ती खाच तळापासून वर थराथराने चिकण माती भरून, प्रत्येक थर पायाने व धुमसाने ठोकून, पाण्याच्या बाजूने आत अशी बुजविली. पाट सोडल्यावर खाचराच्या बाजूस आठवडाभर हात लावून पाहिला. ओल आली नाही.